पहिल्या रात्रीचा पहारा

कामासाठी मला महिन्यातून एक-दोनदा परगावी मुक्काम करावा लागतो. दोन रात्रींचा मुक्काम असेल तर पहिल्या रात्री टक्क जागा आणि दुसऱ्या रात्री ढाराढूर, हे ठरलेलंच. बरीच वर्षं मी गादीला दोष देत आलो. पण गादी तीच, खोली तीच आणि दुसऱ्या रात्री झोप मात्र उत्तम, म्हणजे गादीचा काय दोष?

झोपेच्या प्रयोगशाळांना हे जुनंच ठाऊक आहे. १९६६ साली याचा रीतसर अभ्यास झाला, आणि आजही अनेक संशोधक पहिल्या रात्रीची नोंद हिशेबात धरत नाहीत. ती रात्र माणसाला फक्त खोलीची सवय व्हावी म्हणून. कारणाचा एक धागा मात्र २०१६ मध्ये हाती लागला. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की नव्या जागी पहिल्या रात्रीच्या गाढ झोपेत मेंदूच्या डाव्या भागातलं एक जाळं उजव्यापेक्षा उथळ झोपतं. डॉल्फिन अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतो, त्याचाच हा सौम्य प्रकार म्हणायचा. घरात रात्रपाळीचा एक पहारेकरी ठेवावा, तसं.

मला त्यातला आवाजाचा भाग सगळ्यात उपयोगी वाटला. झोपलेल्या माणसांना त्यांनी एकसारखे टूं-टूं आवाज ऐकवले आणि मध्येच एखादा वेगळा. त्या वेगळ्या आवाजाला डावा मेंदू जास्त दचकत होता. असा आवाज उजव्या कानात आला तर माणसं जास्त वेळा जागी होत होती, कारण उजव्या कानाचा माल मुख्यतः डाव्या मेंदूकडे जातो. आठवड्याने तेच लोक त्याच जागी झोपले तेव्हा हा फरक उरला नव्हता.

हे वाचल्यावर माझ्या एका वाईट रात्रीचा उलगडा झाला. त्या रात्री खिडकीखालून वाहनं सतत धावत होती, त्यांनी मला काहीच केलं नाही. मला उठवलं ते छोट्या फ्रिजने. थोड्या थोड्या वेळाने तो घुर्र करून सुरू व्हायचा आणि खाड्‌कन बंद पडायचा. त्यात भर म्हणून लिफ्टची टिंग. एकूण मोठा आवाज त्रास देत नव्हता, तर अचानक बदलणारा आवाज देत होता.

तेव्हापासून खोलीत शिरल्यावर बॅग उघडायच्या आधी मी पाचेक मिनिटं गुपचूप बसतो. सोबतचे हसतात, हसू देत. फ्रिजमध्ये औषध वगैरे ठेवायचं नसेल तर त्याचा प्लग काढतो. एसी आपोआप चालू-बंद होत असेल तर त्याचा पंखा सतत चालेल असं बटण शोधतो. नाहीतर छताचा पंखा मध्यम वेगावर लावतो. त्या एकसुरी घरघरीत लिफ्टची टिंग बरीचशी बुडते. खोली मागतानाच लिफ्ट आणि जिन्यापासून लांबची मागतो. हे एवढं जमलं की निम्मं काम झालं.

झोपताना उजवा कान उशीत दाबून, म्हणजे उजव्या कुशीवर झोपतो. कूस बदलून काय होतं हे त्या प्रयोगात तपासलेलं नव्हतं, हा माझा स्वतःचा तर्क. शिवाय झोपेत कूस बदलतेच, त्यामुळे याच्यावर फार विसंबू नये. कानात फोमचे बोळे घातले तर फरक जास्त पडतो. फक्त सकाळचा गजर मोठा ठेवावा लागतो.

घरचा न धुतलेला उशीचा अभ्राही नेतो. वास ओळखीचा असला की बरं वाटतं, याहून मोठा दावा नाही.

माझी सगळ्यात मोठी चूक वेगळीच होती. झोप लागणार नाही या धास्तीने मी नऊलाच आडवा व्हायचो आणि अकरापर्यंत छत बघायचो. आता घरच्या वेळेलाच पडतो. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही असं वाटलं, तर उठून खुर्चीत मंद दिव्याखाली काहीतरी कंटाळवाणं वाचतो. घड्याळ मात्र उलटं करून ठेवतो, नाहीतर किती तास उरले याचा हिशेब सुरू होतो.

एवढं करूनही पहिली रात्र घरच्यासारखी होत नाही. पूर्वी चार-पाचदा जाग यायची, आता एक-दोनदा येते, एवढाच फरक. म्हणून महत्त्वाचं सादरीकरण असेल तर जमल्यास एक दिवस आधी पोचतो. आणि तिसऱ्या रात्रीही झोप आली नाही, तर खोलीला दोष न देता दुसरं कारण शोधतो: वेळेचा फरक, संध्याकाळची कॉफी किंवा डोक्यातली काळजी.

पुन्हा त्याच गावी गेलो की मागचीच खोली मागतो. परवा काउंटरवरच्या मुलाने विचारलं, त्या खोलीत असं काय आहे? म्हटलं, तिथले आवाज ओळखीचे आहेत.