होमो समजून लुमो धरलं होतं: ब्युटाडाईनची दुरुस्ती आणि हेक्साट्राईन

ब्युटाडाईनची साखळी वळून वलय बंद होताना तिची टोकं कोणत्या दिशेने फिरतात, याचं गणित मागच्या नोंदीत पायथनमध्ये बसवलं होतं आणि उत्तर नेमकं उलटं आलं होतं. कारण सापडलं, आणि त्याच ओघात हेक्साट्राईनही झालं.

आधी चूक सांगतो. ह्युकेल पद्धतीच्या मॅट्रिक्समध्ये शेजारी असलेल्या कार्बनांच्या जोडीसाठी बीटा, म्हणजे त्यांच्यातल्या परस्परक्रियेची ऊर्जा, लिहायचा, बाकी सगळीकडे शून्य. मी बीटाच्या जागी सरळ 1 लिहिला होता. `eigh` ऊर्जा चढत्या क्रमाने देतं. ब्युटाडाईनमध्ये चार पाय इलेक्ट्रॉन, म्हणजे खालची दोन ऑर्बिटलं भरलेली, म्हणून खालून दुसरं ते होमो, म्हणजे सगळ्यात वरचं भरलेलं ऑर्बिटल, असं मी धरलं. पण बीटा ऋण असतो. 1 लिहिला की सगळी शिडीच उलटी होते, आणि मी होमो म्हणून घेतलेलं ऑर्बिटल खरं तर लुमो, म्हणजे सगळ्यात खालचं रिकामं ऑर्बिटल होतं.

ऊर्जेच्या आकड्यांवरून हे कळलंच नसतं, कारण 0.618 आणि 1.618 शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच येतात. कळतं ते नोड, म्हणजे चिन्ह बदलण्याच्या जागा मोजून. सगळ्यात खालच्या ऑर्बिटलमध्ये चिन्ह एकदाही बदलता कामा नये, आणि माझ्याकडे ते तीनदा बदलत होतं. आता आकड्यांकडे बघण्याआधी मी नोड मोजतो.

```python
import numpy as np

def huckel(n):
    H = np.zeros((n, n))
    for i in range(n - 1):
        H[i, i+1] = H[i+1, i] = -1
    return np.linalg.eigh(H)

for n in (4, 6):
    e, c = huckel(n)
    print(c[:, n//2 - 1].round(3))
```

ब्युटाडाईनचं होमो असं येतं: 0.602, 0.372, −0.372, −0.602. हेक्साट्राईनचं असं: 0.521, 0.232, −0.418, −0.418, 0.232, 0.521. तुमच्याकडे सगळी चिन्हं एकदम उलटी आली तर काळजी नको. ऑर्बिटल तेच असतं. बघायचं ते फक्त पहिल्या आणि शेवटच्या आकड्याचं आपसातलं नातं. ब्युटाडाईनमध्ये टोकं विरुद्ध चिन्हांची, हेक्साट्राईनमध्ये सारख्या. दोन कार्बन वाढले आणि होमोमध्ये एक नोड वाढला, एवढाच फरक.

त्याचा अर्थ हातात यावा म्हणून दोन चिन्हांसाठी दोन रंगांच्या मातीचे लोब केले आणि (2E,4Z,6E)-ऑक्टाट्राईन मांडलं. हे म्हणजे दोन्ही टोकांना मिथिल असलेलं हेक्साट्राईन. मधला दुहेरी बंध Z हवाच, नाहीतर टोकं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. साखळी यू आकारात वळवली की दोन्ही मिथिल बाहेरच्या बाजूला येतात. दोन्ही टोकांचे वरचे लोब लाल. बंध व्हायचा तर लाल लालला भेटला पाहिजे, म्हणून डावं टोक घड्याळाच्या दिशेने फिरवलं आणि उजवं उलट दिशेने. ही डिसरोटेटरी हालचाल. तसं करताना डावीकडचा मिथिल वर आला, उजवीकडचाही वर आला. तयार झालं सिस-5,6-डायमिथिल-1,3-सायक्लोहेक्साडाईन, आणि ऑक्टाट्राईन तापवल्यावर खरोखर हेच मिळतं.

ब्युटाडाईनच्या मॉडेलमध्ये लालला लाल भेटवायला दोन्ही टोकं एकाच दिशेने फिरवावी लागतात, म्हणजे कॉनरोटेटरी. सिस-3,4-डायमिथिलसायक्लोब्युटीन तापवून उघडलं की (2Z,4E)-हेक्साडाईन मिळतं, ते याच वाटेने. वलय उघडण्याची आणि बंद होण्याची वाट एकच असल्यामुळे डाईनच्या होमोवरून उघडण्याबद्दलही बोलता येतं. माझ्या जुन्या उत्तरात E,E किंवा Z,Z यायला हवं होतं; तिथेच ते फसलं होतं.

प्रकाशात एक इलेक्ट्रॉन लुमोमध्ये जातो आणि तेच वरचं भरलेलं ऑर्बिटल ठरतं. हेक्साट्राईनच्या लुमोची टोकं विरुद्ध चिन्हांची, म्हणून आता कॉनरोटेटरी. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होताना पहिली पायरी हीच असते: अतिनील किरणांनी 7-डिहायड्रोकोलेस्टेरॉलमधलं सहा कार्बनांचं डाईन वलय उघडून ट्राईन होतं. त्या वलयाच्या सांध्यावरचे हायड्रोजन आणि मिथिल विरुद्ध बाजूंना असतात, आणि हे कॉनरोटेटरीशी जुळतं. तोच ट्राईन पुरेसा तापवून वलय बंद केलं तर ते दोघे एकाच बाजूला येतात. उष्णता आणि प्रकाश यांतला फरक इतका स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. मात्र प्रकाशाबद्दलचा हा युक्तिवाद ढोबळ आहे. उत्तेजित रेणू मूळ अवस्थेत परततो कसा, हे त्यात येत नाही.

एक प्रश्न चिन्हं सोडवत नाहीत. ट्रान्स-3,4-डायमिथिलसायक्लोब्युटीन कॉनरोटेटरीने दोन प्रकारे उघडू शकतं: दोन्ही मिथिल बाहेर (E,E) किंवा दोन्ही आत (Z,Z). होमोच्या टोकांना दोन्ही सारखेच चालतात, प्रत्यक्षात E,E मिळतं. आत वळणाऱ्या मिथिलांची गर्दी हे सोपं कारण आहे, पण सगळ्या गटांना ते पुरत नाही. तिथे तुटणाऱ्या सिग्मा बंधाशी गटाच्या ऑर्बिटलचं काय जमतं ते पाहावं लागतं. नुसत्या पाय इलेक्ट्रॉनांच्या माझ्या चार-बाय-चार मॅट्रिक्समध्ये तो बंधच नाही.

पुढच्या नोंदीत ब्युटाडाईनचं होमो आणि इथिलीनचं लुमो समोरासमोर ठेवून डील्स-आल्डर. मातीचे लोब तसेच ठेवले आहेत.