श्रावणातली देवदर्शनाची ट्रीप झाली, आता कार्तिकात येणाऱ्यांच्या घरच्यांसाठी

राम राम मंडळी. परळी, औंढा, माहूर, वेरूळ अशी सगळी दर्शनं झाली, सगळी म्हातारी माणसं सुखरूप घरी पोचली. आता कार्तिकातल्या बसमधे ज्यांचे आई-वडील येणारेत त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा, कारण यातलं निम्मं काम तुम्हाला घरीच करायचंय.

औंढ्याला काय झालं ते आधी सांगतो. सोमवार होता. एका मावशींनी उपवास धरला, कोणाला बोलल्या नाहीत, पण शुगरची गोळी मात्र रोजच्या सवयीनं सहा वाजता घेतली. साडेनऊला रांगेत बघतो तर मावशी एकदम गप्प, आभाळ भरून आलेलं, गार वारा आणि यांचं कपाळ घामानं ओलं, हात थरथरायले. शेजारचीचं नाव विचारलं तर आठवेना, वर चिडूनच म्हणाल्या, "मला काही झालं नाही, पुढं सरकू द्या." असं न शोभणारं चिडणं दिसलं की समजायचं शुगर उतरली. बाजूला बसवून मशीनवर बघितलं, ५८. सत्तरच्या खाली गेली की थांबायचं नसतं.

लोक प्रसादाचा पेढा द्यायले होते, मी नको म्हटलं. पेढ्यात खव्याचं तूप असतं, त्यामुळं साखर हळू चढते. अर्धा ग्लास पाण्यात तीन छोटे चमचे साखर विरघळवून पाजली आणि १५ मिनिटांनी परत बघितलं तर ८४. नसती चढली तर तेवढीच परत द्यायची असते. मग राजगिऱ्याचा लाडू आणि केळं दिलं, उपवासही मोडला नाही. पण काही गोळ्यांचा जोर दिवसभर राहतो, शुगर परत उतरू शकते, म्हणून दुपारपर्यंत त्यांना एकटं सोडलं नाही. आणि हे नीट लक्षात ठेवा, माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात साखर, पाणी काहीच घालायचं नाही, घशात अडकतं, सरळ दवाखाना गाठायचा.

म्हणून कार्तिकात बसचा नियम एकच, ताट समोर आल्याशिवाय शुगरची गोळी किंवा इन्सुलिन नाही. दिवसाचं टायमिंगही त्यावरच बसवलंय. पाचला उठायचं, साडेपाचला चहा-बिस्किट, सातला नाष्टा आणि गोळी, मगच रांग. एकला जेवण, साडेसातला रात्रीचं जेवण, नऊला लाईट बंद. ज्यांचा सोमवार किंवा एकादशी असते त्यांच्या डॉक्टरला निघायच्या आधीच विचारा की उपवासाला कोणती गोळी किती घ्यायची, आणि ते कागदावर लिहून आणा, आपल्या मनानं डोस कमी-जास्त करू नका.

सामान फार देऊ नका. औषधं हातातल्या पिशवीत पाहिजेत, डिकीत नाही. गोळ्या सुट्ट्या करून डबीत भरू नका, पाकिटासकट द्या म्हणजे नाव वाचता येतं. इन्सुलिन खिडकीच्या उन्हात ठेवायचं नाही. सोबत साखरेची पुडी, छोटी टॉर्च, रोजच्या सवयीच्या चपला (नव्या घेऊन देऊ नका, पाय सोलतात) आणि पुरुषांना समोरून उघडणारा शर्ट व उपरणं, कारण वेरूळला घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना अंगातलं काढून जावं लागतं आणि कार्तिकात सकाळी गारवा असतो.

बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत, बाथरूमची अडचण नको म्हणून. त्यात बीपीसाठी लघवीची गोळी चालू असली की उठताना चक्कर ठरलेली. बस दर दोन तासाला थांबणारच आहे, स्वच्छ जागा बघूनच थांबवतो, हे आईला घरीच सांगा, माझ्यासमोर त्या संकोचतात.

औंढ्याचा गाभारा जमिनीखाली आहे, उतरायला अरुंद आणि आत कोंदट. गुडघे, दमा, हार्टवाल्यांना मी उतरू देणार नाही, त्या मावशींनीही दुपारी बाहेरूनच हात जोडले. माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्या दोनशेच्या वर आहेत, तिथं जो बसतो त्याच्यासोबत एक जण बसून राहील, पुढं गेलेल्यांनी हाका मारून घाई करायची नाही. कोणीही न सांगता रांग सोडायची नाही. घरच्यांनी फोन रात्री आठ ते साडेआठ करा, रांगेत फोन घेताना पायरी चुकते.

आजार लपवून पाठवू नका, मी त्यासाठी कोणाला बसमधून काढत नाही. आजार, गोळ्यांची नावं, कशाची ॲलर्जी आणि घरच्या दोघांचे नंबर अशी चिठ्ठी निघायच्या आठ दिवस आधी माझ्याकडे द्या, एक प्रत त्यांच्या खिशात राहू द्या.