बीममधली स्लीव्ह आणि स्लॅबच्या आधीचे दोन दिवस

मखमलाबादला आमचं घर बांधत होतो. तळमजल्यावरचा स्लॅब पडून महिना झाल्यावर प्लंबर आला आणि वरच्या बाथरूमचा पाइप बाहेर काढायला त्याने बीमलाच ब्रेकर लावला, तोही खांबापासून जेमतेम वीतभर अंतरावर. इंजिनिअर पोहोचले तोवर भोक पडलं होतं आणि आत मुख्य सळ्यांभोवतीची एक रिंग तुटून वाकली होती. "मुख्य सळ्या वाचल्या. पण खांबाजवळ बीमला तिरकी चीर जाण्याचा धोका सर्वांत जास्त, आणि ती या रिंगाच अडवतात," ते म्हणाले. मग खाली टेकू, तुटल्या रिंगेला वेल्डिंगने सळईचा तुकडा, भोकात न आकसणारा ग्राउट. पाइप दुसरीकडून न्यावा लागला.

वरच्या स्लॅबच्या वेळी मी प्लंबरला दोन दिवस आधीच बोलावलं. फिटरने बीमचा पिंजरा बांधला होता, बाजूच्या फळ्या अजून लागायच्या होत्या. स्लीव्ह, म्हणजे काँक्रीटमध्ये पाइपासाठी भोक राखून ठेवणारा मोठ्या पाइपाचा तुकडा, बसवायची वेळ हीच. बीम २३० बाय ४५० मिमीचा, बाथरूमचा पाइप ७५ चा. त्यासाठी ११० चा पीव्हीसी पाइप अगदी २३० मिमी लांबीचा कापला. अंगापेक्षा सैल स्लीव्ह का, तर नंतर पाइपला उतार देताना वरखाली करायला जागा उरते.

जागा इंजिनिअरांनी खडूने दाखवली: खांबाच्या कडेपासून ९०० मिमीपेक्षा जास्त, म्हणजे बीमच्या उंचीच्या दुपटीहून लांब, आणि उंचीच्या बरोबर मध्यावर, जेणेकरून वर-खाली १७०-१७० मिमी काँक्रीट शिल्लक राहील. रिंगा १५० मिमीवर होत्या, त्यामुळे स्लीव्ह दोन रिंगांच्या मधून अलगद गेली. दोन्ही बाजूंना एकेक जादा रिंग घातली.

संडासाच्या ११० च्या पाइपासाठी स्लॅबमध्ये १६० ची उभी स्लीव्ह होती. तिथे एकही सळई कापली नाही. सळ्या बाजूला सरकवून भोवती जादा तुकडे बांधले. स्लीव्ह स्लॅबच्या वर ५० मिमी ठेवली, म्हणजे वरचं पाणी आत उतरत नाही. सगळ्यांत वाळू भरून तोंडं टेपने बंद केली, नाहीतर आत काँक्रीट शिरून पुन्हा छन्नीच हातात येते.

ओतकामाच्या दिवशी मी वरच उभा होतो. व्हायब्रेटर फिरला तशी उभी स्लीव्ह दोनेक इंच सरकली. ती फक्त वरच्या जाळीला बांधली होती, खाली काहीच आधार नव्हता. "मिस्त्री, थांबा जरा," म्हणून ओरडलो. काँक्रीट ओलं असतानाच फिटरने ती मापावर आणून खालच्या जाळीलाही बायंडिंग वायरने आवळली. बीमची मात्र हलली नव्हती. दोन्ही फळ्यांत घट्ट अडकलेली होती.

फळ्या निघाल्यावर टेप फाडून वाळू काढली. प्लंबरने एका दुपारी दोन्ही पाइप घातले, ब्रेकर गाडीतून उतरवलाच नाही.