पुणे-पाचगणी-पुणे सायकलवर : वेळेचं गणित मला कसं जमलं

मागच्या वर्षी पहिल्यांदा पाचगणीला सायकलवर गेले तेव्हा हिशोब एका ओळीत केला होता. जाऊन-येऊन 200 किलोमीटर, सपाट रस्त्यावर माझा वेग ताशी 22, म्हणजे नऊ तास. वर थांबायला एक तास. पहाटे साडेपाचला निघून दुपारी साडेतीन-चारपर्यंत परत येते, असं घरी सांगितलं. दारात पाय टाकला तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. त्यात शेवटचा घाट अंधारात आणि सायकलला दिवा नाही.

यंदा मला 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, करायची होती. तिला साडेतेरा तासांची मर्यादा असते आणि तुम्ही चहाला थांबलात तरी घड्याळ थांबत नाही. त्यामुळे आधी याच रस्त्यावर सराव करायचा आणि या वेळी चढ धरून हिशोब करायचा ठरवलं. रीत सोपी आहे: अंतराला सपाटीच्या वेगाने भागायचं, एकूण चढाईला आपल्या चढण्याच्या दराने भागायचं आणि दोन्हींची बेरीज करायची.

चढण्याचा दर म्हणजे एका तासात आपण किती मीटर उंची गाठतो ते. तो मोजायला पुण्यात सिंहगडासारखी जागा नाही. गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत माझ्या मीटरवर 9 किलोमीटर आणि 580 मीटर चढ भरतो. मध्ये न थांबता, बोलता येईल एवढाच दम ठेवून चढले. सगळ्यात हलका गिअर, हँडलवर टपटप घाम, आणि वर पोचले तेव्हा घड्याळात 70 मिनिटं. म्हणजे ताशी जवळपास 500 मीटर.

आता एकूण चढ. मार्ग आखायच्या ॲपने 2,200 मीटर दाखवला. 200 भागिले 22 म्हणजे 9 तास 5 मिनिटं. 2,200 भागिले 500 म्हणजे 4 तास 24 मिनिटं. थांबण्याचा सव्वा तास धरला की पावणेपंधरा तास होतात. आकडा बघून मी बीआरएमचा अर्ज अर्धवट सोडला. दोन दिवस खरंच वाईट वाटत होतं.

आमच्या सोसायटीतले एक काका गेली कित्येक वर्षं सायकल चालवतात. त्यांना कागद दाखवला. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "अगं, सिंहगडाचे हे नऊ किलोमीटर तू दोनदा मोजलेस की!"

"ते कसं, काका?"

"तुझ्या 70 मिनिटांत नऊ किलोमीटर पुढे जाणंही आलंच ना? मग सपाटीचा वेळ वेगळा कशाला जोडतेस? चढामुळे जास्तीचा वेळ किती गेला, तेवढाच काढ."

नऊ किलोमीटर सपाट असते तर मला साधारण 25 मिनिटं लागली असती. म्हणजे 70 पैकी 45 मिनिटं निव्वळ चढाची. 45 मिनिटांत 580 मीटर, म्हणजे ताशी 770 च्या आसपास. मी 750 धरले. बेरजेच्या सूत्रात हाच दर घालायचा असतो. घाटात घड्याळ लावून काढलेला दर तसाच घातला तर प्रत्येक घाटातलं अंतर दोनदा मोजलं जातं.

दुसरी चूक नकाशात होती. उंचीचा आलेख मोठा करून पाहिला तर दोन-तीन ठिकाणी सुळका वर जाऊन लगेच खाली आलेला. शंभर-दोनशे मीटर अंतरात 30 टक्के चढ! असा रस्ता तिथे नाहीच. ॲप जमिनीची उंची धरतं, पण आपण बोगद्यातून जातो. कात्रजच्या जुन्या घाटाच्या माथ्यावर बोगदा आहे आणि साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीलाही बोगदा लागतो. डोंगराचा माथा माझ्या खात्यात जमा झाला होता. ते सुळके वजा केले, बारीकसारीक करवती दातेही सोडले, तेव्हा चढ 1,850 मीटरवर आला.

नवा हिशोब असा: 9 तास 5 मिनिटं अधिक 1,850 भागिले 750, म्हणजे 2 तास 28 मिनिटं. सायकलवर साडेअकरा तास, थांबे धरून पावणेतेरा. उताराचा फायदा मी मुद्दाम धरला नाही. वाई आणि पाचगणीमधल्या पसरणी घाटात वळणं आणि गाड्या इतक्या की उतरताना हात ब्रेकवरच असतो.

एकच मोठा आकडा रस्त्यात उपयोगाचा नसतो, उशीर कुठे झाला ते त्यावरून कळत नाही. म्हणून तुकडे पाडले. पुणे ते वाई 88 किलोमीटर आणि 650 मीटर: 4 तास 52 मिनिटं. वाई ते पाचगणी 12 किलोमीटर आणि 560 मीटर: 33 अधिक 45, म्हणजे 1 तास 18 मिनिटं. खाली वाईपर्यंत 33 मिनिटं. वाई ते पुणे 640 मीटर चढ धरून 4 तास 51 मिनिटं. या वेळा चिठ्ठीवर लिहून सायकलच्या दांड्याला चिकटपट्टीने लावल्या.

पसरणीचा आकडा मला आधी खटकला होता. सिंहगडाच्या दराने 560 मीटर 67 मिनिटांत व्हायला हवेत, मग सूत्र 78 का म्हणतं? कारण पसरणीचा चढ त्याहून सौम्य आहे, पावणेपाच टक्क्यांचा, तर सिंहगड साडेसहाच्या आसपास. सौम्य चढावर वेग जरा जास्त राहतो, त्यामुळे पायातली ताकद टायरच्या घर्षणात आणि हवेत जास्त जाते आणि तासाला गाठलेली उंची कमी भरते. बेरजेचं सूत्र हे आपोआप सांभाळतं, म्हणून मला ते आवडतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी साडेपाचला निघाले. 20 मिनिटांचा थांबा धरून वाई 10:42 ला सोडायची होती, मी 10:40 ला सोडली. पसरणी घाट 76 मिनिटांत झाला. पाचगणीत चिठ्ठी आणि घड्याळ शेजारी शेजारी बघताना डोळे भरून आले.

परतीला मात्र गणित सुटलं. सुरूर सोडल्यावर समोरून वारा लागला, आणि वारा या सूत्रात कुठेच नाही. शिरवळच्या पुढे पाय जड झाले, कात्रजच्या चढावर वेग ताशी सहा किलोमीटरच्या वर जाईना. सिंहगडावरचा दर मी ताज्या पायांनी काढला होता. 150 किलोमीटर झाल्यावर तो टिकत नाही. 6:20 ऐवजी 6:55 ला पोचले, म्हणजे 13 तास 25 मिनिटं. बीआरएम असती तर पाच मिनिटं राखून.

घरी येऊन आकडे परत मांडले. वाई-पुणे तुकड्याला चढण्याचा दर 750 ऐवजी 600 धरला तर 13 मिनिटं वाढतात. उरलेली साधारण 20 मिनिटं वाऱ्याची. आता शेवटच्या 50 किलोमीटरांना मी कायम 600 च धरते, आणि वाऱ्यासाठी पाचगणीतल्या जेवणाच्या 40 मिनिटांतली 15 कापते. अर्ज भरला आहे, सायकलला दिवाही लावून घेतला आहे.