साडेनऊला नऊ कोण म्हणतं?

जळगावात आमची दहा जणांची टीम जिनिंग मिलसाठी कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर करते. मी टेस्टर. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, शेवटच्या शुक्रवारी सकाळी डेमो, दुपारी रेट्रो, म्हणजे झालेल्या कामाचा आढावा. त्या शुक्रवारी डेमो धरणगावजवळच्या एका मिलमध्ये होता. कापसाची गाडी काट्यावर आली, मुनीमजींनी मीटरवर ओलावा पाहिला, 9.5 टाकला आणि पावती काढली. पावतीवर कपात 1 टक्का.

मुनीमजींनी चष्मा वर केला. "भाऊ, साडेनऊले नऊ कोन म्हनस?"

माल 18.40 क्विंटल, भाव 7,000. म्हणजे 1,28,800 रुपये. ओलावा 8 च्या वर दीड टक्का, म्हणून कपातही हवी होती दीड टक्का, 1,932 रुपये. आम्ही कापले 1,288. एका गाडीमागे मिलचे 644 रुपये जास्त जाणार होते.

हा दोष मला आदल्या दिवशी संध्याकाळीच सापडला होता, पण दुरुस्तीला वेळ उरला नव्हता. रेट्रोत पहिलाच प्रश्न माझ्या रोखाने आला: "टेस्टिंग इतकं उशिरा का?" मी बोर्डाचे रोजचे फोटो दाखवले. आठव्या दिवसापर्यंत 'टेस्टिंग'चा रकाना रिकामा, नवव्या दिवशी त्यात सात कार्डं. माझ्या हातात कामच दुसऱ्या बुधवारी संध्याकाळी आलं, हे मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं.

मग आमच्या टीमच्या सरांनी बरं सुचवलं. दोष किती गंभीर हा हिशेब बाजूला ठेवायचा आणि प्रत्येकापुढे एवढंच लिहायचं की तो लवकरात लवकर कधी सापडू शकला असता. स्प्रिंटमध्ये एकूण 19 दोष होते, त्यातले 14 शेवटच्या दोन दिवसांतले. ते 14 आम्ही भिंतीवर चिकटवले. चार दोष तयार कोड टेस्ट सर्व्हरवर न चढल्यामुळे नुसते पडून होते. तीन डेव्हलपरच्या स्वतःच्या टेस्टमध्ये पकडता आले असते. एक खऱ्या काट्याशिवाय दिसलाच नसता: गाडी स्थिर होण्याआधीचं हलतं वजन आमचं सॉफ्टवेअर उचलत होतं. उरलेले सहा मात्र एकाच वाक्यातून निघाले.

स्टोरीत, म्हणजे काय बनवायचं ते सांगणाऱ्या कार्डावर, लिहिलं होतं, "ओलावा 8 च्या वर गेल्यास प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात." डेव्हलपरने त्याचा अर्थ पूर्ण टक्का असा घेतला आणि ओलाव्याचा रकाना पूर्णांकाचा केला. पावती, खातं, दिवसाचा गोषवारा, सगळं त्याच रकान्यावर उभं. त्याच्या टेस्ट होत्या आणि हिरव्याही होत्या, पण त्यात आकडे 9, 10, 11. चुकीच्या समजुतीवर लिहिलेली टेस्ट ती समजूतच पक्की करते. त्याला दोष कसा द्यायचा? तेच वाक्य मीही पहिल्या दिवशी वाचून मान डोलावली होती.

तिथेच आम्ही ठरवलं की हिशेबाची स्टोरी असेल तर कोड लिहिण्याआधी डेव्हलपर, टेस्टर आणि मिलचा माणूस यांनी वीस मिनिटं बसून आकड्यांची उदाहरणं लिहायची, तीही सीमेवरची. कपातीचं उदाहरण त्याच दुपारी टेस्टमध्ये उतरवलं:

```python
@pytest.mark.parametrize("olava, kapat", [
    ("8.0", "0"),
    ("8.1", "0.1"),
    ("9.5", "1.5"),
    ("12.0", "4.0"),
])
def test_kapat(olava, kapat):
    assert kapat_takke(Decimal(olava)) == Decimal(kapat)
```

डेव्हलपर म्हणाला, "ताई, Decimal कशाला, float चालेल की." त्याच्याच मशीनवर 8.1 - 8 करून पाहिलं तर 0.09999999999999964 आलं. तो हसला आणि पुढचं मुकाट्याने Decimal मध्ये लिहिलं.

टेस्ट सर्व्हरवर रोज संध्याकाळी बिल्ड चढवायचं, हेही ठरलं. काट्याचा प्रश्न पुरता सुटला नाही. गाडी चढताना काटा जे आकडे पाठवतो ते फाइलमध्ये साठवून ऑफिसात पुन्हा सोडतो, पण ते एकाच मिलच्या काट्याचे. दुसरीकडे काट्याची कंपनी वेगळी असेल तर तिथे जाऊनच पाहावं लागणार.

पुढच्या स्प्रिंटला दोष कमी झाले नाहीत. 21 निघाले. मात्र शेवटच्या दोन दिवसांत पाचच. पहिली उदाहरणांची बैठक वीस मिनिटांची तासभर चालली, कारण आम्ही बटणांच्या रंगावरही बोलत बसलो.

दुसऱ्या बैठकीत मुनीमजी फोनवर होते. सहज विचारलं, 12 च्या वर ओलावा आला तर माल घेत नाही ना, मग 12.1 ला गाडी परत? ते म्हणाले, परत कशाला, शेतकऱ्याला माल आवारात वाळवू देतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा काटा, पुन्हा मीटर. म्हणजे एका गाडीची दोन वजनं, दोन ओलावे. आमच्या टेबलात जागा एकाचीच होती. डेव्हलपरने अजून एक ओळही लिहिली नव्हती.