गाडीत पुस्तक उतरवताना

तुम्ही विचारलंत म्हणून: "ई-रीडरला सिम नाही, मग प्रवासात पुस्तक उतरवता कसं? माझ्या फोनचा हॉटस्पॉट त्याला दिसतच नाही."

दिसत नाही म्हणजे बहुतेक वेळा बँडचा घोळ असतो. वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन बँडवर चालतं. आताचे फोन हॉटस्पॉट बरेचदा ५ वर लावतात, कारण तो वेगवान असतो. पण पुष्कळ ई-रीडरना, विशेषतः जुन्यांना, फक्त २.४ कळतो. ई-रीडरच्या माहितीत वाय-फायपुढे नुसतं 802.11b/g/n लिहिलेलं असेल, तर तो त्यातलाच समजा. मग हॉटस्पॉट शेजारी असूनही यादीत त्याचं नाव येत नाही. आयफोन १२ किंवा त्यापुढचा असेल, तर Personal Hotspot मध्ये Maximize Compatibility चालू करा. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड म्हणून 2.4 GHz निवडा. काही फोनांत तिथेच Extend compatibility असं बटण असतं. वेग थोडा कमी होतो, पण पुस्तकाला त्याने काही फरक पडत नाही.

नाव दिसतंय, पासवर्डही बरोबर आहे, तरी जोडलं जात नसेल, तर सुरक्षेचा प्रकार बघा. WPA3 असेल तर WPA2-Personal करा. जुन्या यंत्रांना WPA3 समजत नाही. आणि आयफोनवर ई-रीडर जोडला जाईपर्यंत Personal Hotspot चाच स्क्रीन उघडा ठेवा.

आता जे मला स्वतःला गाडीत बसून कळलं, ते सांगते. मांडवी एक्सप्रेसने कुडाळला निघाले होते. संगमेश्वर मागे पडलं तेव्हा हातातली कादंबरी संपली, म्हणून फोनवरून तिचा पुढचा भाग विकत घेतला आणि ई-रीडर हॉटस्पॉटला जोडला. पुस्तक उतरायला लागलं आणि मध्येच अडकलं. ई-रीडरवर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या, म्हणजे जोडणी उत्तम. मी जोडणी तोडली, पुन्हा केली, त्या संथ पडद्यावर एकेक अक्षर उमटण्याची वाट बघत पासवर्ड दोनदा घातला. मग खिडकीबाहेर लक्ष गेलं. नुसता काळोख. गाडी करबुड्याच्या बोगद्यात होती, साडेसहा किलोमीटरच्या.

ई-रीडरवरच्या रेघा फोन किती जवळ आहे एवढंच सांगतात. फोन माझ्या मांडीवर होता, त्यामुळे त्या भरलेल्याच असणार. फोनला स्वतःला टॉवर मिळतोय का, हे त्या रेघांतून कळत नाही. म्हणून पुस्तक अडकलं की ई-रीडरला हात लावू नका. आधी फोनचं वाय-फाय बंद करून फोनवरच एखादं पान उघडून बघा. तिथे उघडलं नाही, तर दोष जोडणीत नाही, नेटवर्क येईपर्यंत थांबायचं. रत्नागिरी स्टेशनात गाडी थांबली आणि तेच पुस्तक मिनिटाच्या आत उतरलं.

तेव्हापासून कोकण रेल्वेवर मी चालत्या गाडीत पुस्तक उतरवायला बसत नाही. गाडी मोठ्या स्टेशनात उभी असताना, चिपळूणला नाहीतर रत्नागिरीला, दोन मिनिटांचं काम उरकून घेते. स्टेशनवरचं फुकट वाय-फाय मी यासाठी वापरत नाही. त्याला ब्राउझरमध्ये मोबाइल नंबर आणि ओटीपी घालावा लागतो आणि ई-रीडरवर ते पान नीट उघडेलच असं नाही. हॉटस्पॉटला नुसता पासवर्ड लागतो, आणि तो एकदा घातला की ई-रीडर लक्षात ठेवतो.

डेटा किती जातो, हेही पुष्कळजण विचारतात. चित्रं नसलेली कादंबरी सहसा दोन-तीन एमबीची, म्हणजे फोनवरच्या एखाद्या फोटोएवढी. चित्रकथा मात्र शंभर एमबीच्या वर सहज जाते, ती घरूनच भरून न्यावी. टॅबलेट असेल तर जास्त जपा. त्याला हॉटस्पॉट म्हणजे घरचंच वाय-फाय वाटू शकतं आणि तो फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट असं सगळं सुरू करतो. आयपॅडवर त्या नेटवर्कच्या नावाशेजारच्या खुणेवर जाऊन Low Data Mode लावा, अँड्रॉइड टॅबलेटवर तेच नेटवर्क Metered ठरवा.

पुस्तक उतरलं की हॉटस्पॉट बंद आणि ई-रीडर विमान मोडवर. वाचायला नेट लागत नाही, आणि हॉटस्पॉट चालू राहिला की फोनची बॅटरी भराभर उतरते. कुडाळ यायच्या आधी मी तो पुन्हा एकदा मिनिटभर लावते आणि ई-रीडरवर सिंक करते. मग स्टेशनाबाहेर रिक्षाची वाट बघताना फोन उघडला, तर कादंबरी गाडीत सोडली त्याच पानावर उघडते.