काकूंचा आवाज, संगणकाचा गळा: वर्णनात हे कसं लिहिलं

मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. नायगावच्या आमच्या चाळीतल्या एका काकूंनी ती पाहिलीय, आणि सांगतातही झकास. त्यांच्या आठवणींचा सहा मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबसाठी केला. नेमकी रेकॉर्डिंगच्या वेळी खाली वरात आली आणि बेंजोने मधला तुकडा पार गिळला. शब्द कसेबसे कळत होते, पण ऐकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुन्हा बोलायला बसवलं तर काकू पाठ केलेलं म्हटल्यासारखं बोलू लागल्या. शेवटी त्यांना विचारून, त्यांच्याच आवाजाच्या नमुन्यावरून तेवढा तुकडा एआयने तयार केला. शब्द त्यांचेच, एकही बदलला नाही. शिवाय त्यांच्या अल्बममधले ट्रामचे दोन फोटो हलते केले.

अपलोड करताना Details च्या पानावर Show more उघडलं की Altered content चा प्रश्न येतो. खऱ्या माणसाच्या तोंडी त्याने न म्हटलेलं घातलंय का, खऱ्या जागेचं किंवा घटनेचं चित्रण बदललंय का, न घडलेलं दृश्य खरं वाटावं असं बनवलंय का, अशी त्याची विचारणा. शब्द काकूंचे असले तरी दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल वापरली की उत्तर ‘हो’च. हलते फोटोही त्यातच आले, कारण ट्राम वळताना दिसते ती हालचाल कोणी टिपलेलीच नाही. नीट बघितलं तर दुकानाच्या पाटीवरची अक्षरं वितळल्यासारखी होतात, तेवढ्यावरून चाणाक्ष प्रेक्षक ओळखतो. बाकीच्या रेकॉर्डिंगमधली फक्त खरखर काढली होती. आवाजाची अशी दुरुस्ती, रंग थोडे उजळणं, उपशीर्षकं हे जाहीर करावं लागत नाही.

‘हो’ केलं की वर्णन उघडल्यावर यूट्यूबची पट्टी दिसते: आवाज किंवा दृश्यं लक्षणीय बदललेली वा डिजिटल पद्धतीने तयार केलेली आहेत. आरोग्य, बातम्या, निवडणुका, पैसा असे विषय असतील तर पट्टी थेट व्हिडिओवरही येऊ शकते. आमची ट्राम त्यात बसत नाही. पण पट्टी कुठल्या मिनिटाला काय बदललंय ते सांगत नाही. ते आपणच लिहायचं.

एडिटिंग करणाऱ्या मित्राने लिहून दिलं, “सूचना: या व्हिडिओत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर केला आहे.” शेजारच्या आजोबांना ते वाचायला दिलं. ते म्हणाले, “मग ट्राम तरी खरी होती का रे?” मोघम सूचनेचं हेच होतं, बदललेल्या अर्ध्या मिनिटाचा संशय अख्ख्या सहा मिनिटांवर जातो. काकूंचं वेगळंच, “म्हणजे मी खोटं बोलले असं वाटेल ना?”

म्हणून आधी खरं काय ते लिहिलं, मग बनवलेलं काय ते, वेळेसकट. ‘सावधान’, लाल त्रिकोण, सगळी मोठी अक्षरं, काही नाही. शेवटी वर्णनाच्या अगदी सुरुवातीला हे गेलं:

आठवणी आणि शब्द काकूंचे. 2:10 ते 2:45 मधला आवाज त्यांच्या परवानगीने संगणकावर तयार केला आहे, कारण मूळ रेकॉर्डिंग गोंगाटात बुडालं. 3:20 आणि 4:05 चे फोटो खरे, त्यातली हालचाल एआयची. बाकी सर्व मूळ रेकॉर्डिंग.

हे पहिल्या ओळींत हवंच. वर्णन मिटलेलं असताना सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात, आणि हॅशटॅग-लिंकांच्या खाली गेलेली कबुली कोण वाचतंय! वेळ अशी लिहिली की तिच्यावर टिचकी मारून थेट तिथे जाता येतं, म्हणजे ज्याला शंका आहे तो स्वतःच ऐकून बघतो. ‘कारण’ हा भाग मित्राला फाफटपसारा वाटत होता. मी तो ठेवला, कारण आवाज का बनवला हे कळलं की माणूस पुढचं शांतपणे ऐकतो. आजोबांनी हे वाचून फक्त बेंजोवाल्यांना शिव्या घातल्या.

यूट्यूबच्या म्हणण्यानुसार ‘हो’ म्हटल्याने प्रेक्षक कमी केले जात नाहीत किंवा कमाईची पात्रता जात नाही. उलट लपवलं तर ते स्वतः पट्टी लावू शकतात, आणि वारंवार लपवलं तर व्हिडिओ काढूही शकतात.

वर्णनाची मर्यादा मात्र आहेच. व्हिडिओ कोणी उतरवून व्हॉट्सॲपवर टाकला की वर्णन मागे राहतं. म्हणून हलत्या फोटोंवर कोपऱ्यात ‘फोटो खरा, हालचाल एआयची’ आणि त्या आवाजाच्या वेळी ‘काकूंचा आवाज, संगणकावर तयार केलेला’ अशी बारीक पण वाचता येईल अशी ओळ ठेवली. याच व्हिडिओतून शॉर्ट काढला, तेव्हा तो वेगळा अपलोड असल्यामुळे प्रश्नाचं उत्तर पुन्हा द्यावं लागलं, आणि वर्णनातल्या वेळाही त्याच्या लांबीप्रमाणे बदलल्या.